शैक्षणिक मानसशास्त्राची सटीप संदर्भसूची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एम.एड.च्या वर्गाला शैक्षणिक मानसशास्त्र शिकवते. दर सत्रात सटीप संदर्भसूचीचा स्वाध्याय दिला की पुढचे पंधरा दिवस तेच तेच प्रश्न येतात, म्हणून त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. सगळी उदाहरणे मुद्दाम एकाच विषयातली घेतली आहेत: धडा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिले, तर तो जास्त काळ लक्षात राहतो का? संशोधनात याला ‘टेस्टिंग इफेक्ट’ किंवा ‘रिट्रायव्हल प्रॅक्टिस’ म्हणतात. इथे मी त्याला ‘आठवण-सराव’ म्हणते.

साधी संदर्भसूची आणि सटीप संदर्भसूची यांत फरक काय?

साध्या सूचीत लेखक, वर्ष, शीर्षक आणि नियतकालिक एवढेच असते. सटीप सूचीत प्रत्येक नोंदीखाली एक परिच्छेद येतो. त्या अभ्यासात काय केले, काय आढळले, त्यावर किती भरवसा ठेवावा आणि तुमच्या प्रश्नाला त्याचा काय उपयोग, हे त्यात सांगायचे. बहुतेकांचा पहिला भाग बरा जमतो. गुण जातात ते मूल्यमापनात, म्हणून पुढची बरीचशी उत्तरे मूल्यमापनाबद्दलच आहेत.

आधी स्रोत गोळा करायचे की आधी प्रश्न ठरवायचा?

आधी प्रश्न. ‘स्मृती आणि अध्ययन’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्यावर शेकडो लेख सापडतील आणि प्रत्येक लेख उपयोगाचा वाटेल. तोच विषय असा आवळा: ‘सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना धडा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण-सरावाने तो जास्त टिकतो का?’ यात चार गोष्टी ठरल्या: वयोगट, कृती, तुलना कशाशी, आणि मोजायचे काय. पुढे प्रत्येक स्रोत याच चार गोष्टींवर घासून पाहायचा. त्यातही ‘तुलना कशाशी’ ही बाब सगळ्यांत जास्त निसटते. ती का महत्त्वाची, हे पुढच्या उदाहरणांत दिसेलच.

शोध कुठे आणि कसा घ्यायचा?

शिक्षणशास्त्रासाठी ‘एरिक’ हा डेटाबेस मोफत आहे. त्यात फक्त समीक्षित लेख पाहण्याची आणि पूर्ण लेख उपलब्ध असलेल्या नोंदी वेगळ्या काढण्याची सोय आहे. नुसता `testing` शब्द टाकलात, तर परीक्षा धोरणावरचे आणि प्रमाणित चाचण्यांवरचे लेख ढिगाने येतील. म्हणून पूर्ण संज्ञा अवतरणचिन्हांत टाका आणि वयोगट जोडा:

```
"retrieval practice" classroom
"testing effect" "middle school"
```

एक चांगला लेख हाती लागला की गूगल स्कॉलरवर त्याच्याखालच्या `Cited by` वर जा. त्या लेखावर नंतर कुणी आक्षेप घेतला असेल, तर तो बहुधा तिथेच सापडतो. मूल्यमापन लिहायला या आक्षेपांइतकी मदत दुसऱ्या कशाचीच होत नाही.

टीप नेमकी कशी असावी? एखादा नमुना दाखवाल का?

आधी नेहमी येणारी टीप पाहा: ‘या लेखात चाचणीचे अध्ययनातील महत्त्व स्पष्ट केले आहे. संशोधकांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग करून निष्कर्ष काढले आहेत. हा लेख अत्यंत माहितीपूर्ण असून शिक्षकांसाठी उपयुक्त आहे.’ ही टीप शिक्षणशास्त्रातल्या कोणत्याही लेखाखाली चिकटवली तरी चालेल. लेख न वाचताही ती लिहिता येते, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्याच वाक्यात कळते.

आता रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या लेखावरची टीप पाहा. तो ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात आला होता.

> वॉशिंग्टन विद्यापीठाच्या १२० पदवी विद्यार्थ्यांनी दोन छोटे उतारे वाचले. त्यांतला एक त्यांनी पुन्हा वाचला आणि दुसरा न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता (८१ विरुद्ध ७५ टक्के), पण आठवड्यानंतर क्रम उलटला (४२ विरुद्ध ५६ टक्के). सरावात काय चुकले हे विद्यार्थ्यांना सांगितले नव्हते, उताराही परत दाखवला नव्हता. तरीही हा फायदा दिसला, त्यामुळे तो आठवण्याच्या कृतीचाच आहे असे म्हणायला चांगला आधार मिळतो. मात्र सहभागी प्रौढ होते, मजकूर एका पानात मावणारा होता, आणि उताऱ्यातले किती मुद्दे आठवले एवढेच मोजले गेले. सहावी ते आठवीच्या वर्गासाठी हा अभ्यास मूळ परिणाम दाखवणारा म्हणून घेतला आहे. शाळेतला पुरावा म्हणून दुसरे स्रोत लागतील.

यातली पहिली तीन वाक्ये सारांशाची आहेत, पुढची मूल्यमापनाची, आणि शेवटची दोन वाक्ये तुमच्या प्रश्नाशी जोडणारी. ‘पाच मिनिटांनी’ आणि ‘आठवड्यानंतर’ हे दोन्ही आकडे का दिले? एकच दिला असता तर निष्कर्षच बदलला असता. फक्त पाच मिनिटांचा आकडा पाहणारा वाचक ‘पुन्हा वाचणेच बरे’ म्हणून लेख बाजूला ठेवील. फक्त आठवड्याचा आकडा पाहणारा ‘आठवण-सराव नेहमीच चांगला’ असे म्हणेल. या अभ्यासाचा खरा ऐवज त्या उलटण्यात आहे, आणि टिपेत तो आला नाही तर लेख वाचल्याचा पुरावा उरत नाही.

लेखाचा गोषवारा मराठीत आणला तर चालत नाही का?

नाही. गोषवारा लेखकाने आपला अभ्यास मांडण्यासाठी लिहिलेला असतो, आणि त्याला तुमचा प्रश्न माहीत नसतो. वरच्या लेखाच्या गोषवाऱ्यात निकालाची दिशा आहे, पण आकडे नाहीत. ते ‘निष्कर्ष’ विभागात आणि आलेखाजवळ मिळतात. सहभागी कोण, मजकूर कसला, गुण कसे दिले हे ‘पद्धती’ विभागात असते. तो विभाग वाचला नाही, तर मर्यादा लिहिताना ‘नमुना लहान आहे’ एवढेच सुचते. १२० जणांच्या प्रयोगात नमुना लहान असणे ही मोठी अडचण नाहीच. ते विद्यापीठातले प्रौढ होते, ही अडचण आहे.

मूल्यमापनात नेमके काय बघायचे? ‘विश्वसनीय’ आणि ‘उपयुक्त’ यापुढे शब्दच सुचत नाहीत.

प्रत्येक अभ्यासाला एकच प्रश्न विचारून सुरुवात करा: या लोकांनी कशाची तुलना कशाशी केली? शब्द आपोआप सुचतील.

स्पिट्झर यांचा १९३९ चा अभ्यास घ्या. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ९१ शाळांमधली सहावीची ३,६०५ मुले त्यात होती. मुलांनी एक लेख वाचला आणि वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या दिवशी चाचण्या दिल्या. शेवटची चाचणी वाचनानंतर दोन महिन्यांनी होती. वाचनानंतर लवकर चाचणी दिलेली मुले पुढे कमी विसरली. वयोगट तुमच्याच प्रश्नातला आहे, संख्या प्रचंड आहे, मुले खऱ्या शाळांतली आहेत. पाहताक्षणी हाच सगळ्यांत भक्कम स्रोत वाटतो.

आता तो प्रश्न विचारा. चाचणी दिलेल्या मुलांची तुलना कुणाशी झाली? मधल्या काळात काहीच न केलेल्या मुलांशी. चाचणीच्या निमित्ताने मजकूर दुसऱ्यांदा डोक्यातून गेला, तेवढ्यानेच फायदा झाला असेल का? या अभ्यासावरून सांगता येत नाही, कारण तेवढाच वेळ पुन्हा वाचणारा गट त्यात नाही. म्हणजे ‘आठवण-सराव काहीच न करण्यापेक्षा बरा’ याला स्पिट्झर भक्कम आधार देतात, पण ‘पुन्हा वाचण्यापेक्षा बरा’ याला देत नाहीत. तुमचा प्रश्न दुसरा आहे. टिपेत हे एक वाक्य आले की मूल्यमापन झाले, मग ‘विश्वसनीय’ हा शब्द नसला तरी चालेल.

इतका जुना अभ्यास घेतला तर गुण कापले जातात का?

‘गेल्या दहा वर्षांतलेच स्रोत’ अशी अट तुमच्या विभागाने घातली असेल, तर ती पाळा. अट नसेल, तर जुना स्रोत का घेतला हे एका वाक्यात सांगा. स्पिट्झर यांच्या बाबतीत कारण सरळ आहे: शाळकरी मुलांवरचा इतका मोठा अभ्यास या विषयात क्वचितच झाला आहे. मात्र त्यांच्या जोडीला नव्या काळातला वर्गातला अभ्यास हवाच. रोडिगर, अगरवाल, मॅकडॅनियल आणि मॅकडर्मट यांचा २०११ चा लेख त्यासाठी चांगला आहे. सहावीच्या सामाजिक शास्त्रांच्या नेहमीच्या वर्गात काही मुद्द्यांवर छोट्या प्रश्नमंजूषा घेतल्या, काहींवर घेतल्या नाहीत. तीच मुले विचारलेल्या मुद्द्यांत पुढे होती. त्याच लेखातल्या दुसऱ्या प्रयोगात काही मुद्दे मुलांना पुन्हा वाचायला दिले होते. स्पिट्झर यांच्याकडे जी तुलना नव्हती, ती इथे मिळते. या दोन नोंदींच्या टिपा एकमेकींचा उल्लेख करत लिहिल्यात, तर वाचणाऱ्याला तुमचा विचार पुढे सरकताना दिसतो.

मेटा-अ‍ॅनालिसिसची टीप कशी लिहायची? त्यात एक प्रयोग नसतो.

मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये अनेक अभ्यासांचे निकाल एका मापात आणून त्यांची सरासरी काढलेली असते. त्या मापाला परिणामाचे आकारमान म्हणतात. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे एकच आकडा उचलणे. अ‍ॅडेसोपे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च’मध्ये सराव-चाचण्यांवर असे विश्लेषण केले. एकूण आकारमान ०.६१ आले, आणि बहुतेक टिपांत तेवढेच लिहिलेले असते. पण लेखकांनी तुलनेप्रमाणे आकडे वेगळेही काढले आहेत: काहीच न करणाऱ्या किंवा भलतेच काम करणाऱ्या गटाशी तुलना केली तर ०.९३, आणि पुन्हा वाचणाऱ्या गटाशी केली तर ०.५१. म्हणजे ०.६१ हा दोन वेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांची सरमिसळ आहे. तुमचा प्रश्न पुन्हा वाचण्याशी तुलनेचा आहे, म्हणून तुमचा आकडा ०.५१. स्पिट्झर यांच्या अभ्यासाचे निकाल इतके ठळक का दिसतात, याचाही खुलासा ०.९३ वरून बराचसा होतो.

दोन लेख एकमेकांच्या विरोधात असतील तर कुणाची बाजू घ्यायची?

बाजू घ्यावीच लागेल असे नाही, पण वाद कशावर आहे ते नेमके सांगता आले पाहिजे. या विषयात त्याचे उत्तम उदाहरण आहे. व्हान गोख आणि स्वेलर यांनी २०१५ मध्ये ‘एज्युकेशनल सायकॉलॉजी रिव्ह्यू’मध्ये मांडले की मजकूर गुंतागुंतीचा होत जातो तसा आठवण-सरावाचा फायदा कमी होतो, कधी नाहीसाही होतो. गुंतागुंत म्हणजे मजकुरातले घटक एकमेकांवर इतके अवलंबून असणे की एकेकटा घटक सुटा समजूच शकत नाही. गणितातले सोडवून दाखवलेले उदाहरण हे त्याचे साधे रूप. त्यावर कार्पिकी आणि ऑ यांनी त्याच वर्षी त्याच नियतकालिकात प्रत्युत्तर दिले. ही ‘गुंतागुंत’ मोजायची कशी हे ठरवलेलेच नाही, त्यामुळे ती सोयीप्रमाणे लावली गेली, असा त्यांचा आक्षेप होता. गुंतागुंतीच्या मजकुरावर फायदा दिसलेले काही अभ्यास वगळले गेले, आणि जिथे फायदा दिसला नाही तिथे एक तर वाक्यांतले सुटे शब्दच आठवायला सांगितले होते किंवा सराव वाचनाला लागूनच उरकला होता, असेही त्यांनी म्हटले.

‘या दोन लेखांत मतभेद आहेत’ असे लिहून माझे विद्यार्थी थांबतात, तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण खरे लिहिण्यासारखे तिथूनच सुरू होते. तुमचा प्रश्न इतिहासाच्या धड्याबद्दल असेल, तर हा वाद तुम्हाला कडेने लागतो. गणित किंवा भौतिकशास्त्राबद्दल असेल, तर तो मध्यवर्ती होतो. टिपेत तेच लिहा. माझे स्वतःचे मत विचाराल, तर मोजमापाचा आक्षेप मला पटतो. पण शाळेतल्या गणितावरचा स्वतंत्र पुरावा हाती असल्याशिवाय तिथे ठाम दावा करणे मी टाळीन.

कार्पिकी आणि ब्लंट यांच्या लेखावर काय आक्षेप आहे? तो टिपेत घालावा का?

हा २०११ चा ‘सायन्स’मधला लेख विद्यार्थ्यांना फार आवडतो, कारण त्यात आठवण-सरावाने संकल्पना-नकाशालाही मागे टाकले. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवण-सराव करणारे पुढे होते. दुसऱ्या प्रयोगात अंतिम चाचणी म्हणून नकाशाच काढायला सांगितला, तरी तेच पुढे राहिले.

आक्षेप मिंट्झेस आणि इतरांनी ‘सायन्स’मध्येच त्याच वर्षी घेतला. त्यांचे म्हणणे असे की संकल्पना-नकाशा काढायला शिकावे लागते, आणि या विद्यार्थ्यांना ते पुरेसे शिकवलेले नव्हते. इथेही ‘तुलना कशाशी’ हाच प्रश्न आला. तुलना अनुभवी नकाशाकारांशी नव्हती, नवख्यांशी होती. म्हणून ‘संकल्पना-नकाशा निरुपयोगी’ असे टिपेत लिहू नका. आणखी एक बारकावा आहे: नकाशा काढताना पाठ्य समोर होते, आठवताना नव्हते. मिटलेल्या पुस्तकावरून नकाशा काढायला सांगितला, तर तोही आठवण-सरावच होतो.

डनलॉस्की यांचा मोठा आढावा-लेख वाचला, तर मूळ लेख वाचायची गरज उरते का?

उरते. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला. सराव-चाचणी आणि अंतराअंतराने अभ्यास या दोघांना त्यांनी उच्च उपयुक्तता दिली, पुन्हा वाचणे आणि खाली रेघा मारणे यांना कमी. सूचीत तो जरूर घ्या, दिशा कळायला त्याच्याइतका सोयीचा स्रोत नाही. पण ‘उच्च’ आणि ‘कमी’ हे लेखकांनी पुरावा तोलून दिलेले अभिप्राय आहेत, मोजलेले आकडे नव्हेत. टिपेत ‘असे सिद्ध झाले’ असे लिहू नका, ‘लेखकांनी असे ठरवले’ असे लिहा. आढाव्यात वाचलेला एखादा प्रयोग आपण मूळ लेखात वाचला असे दाखवून स्वतंत्र नोंद करणे ही तर सरळ फसवणूक आहे.

मराठीतले स्रोत घेता येतील का?

जरूर. ‘शोधगंगा’वर भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध आहेत, मराठीतले शिक्षणशास्त्राचे प्रबंधही त्यांत मिळतात. मात्र परदेशी लेखाला लावलेली कसोटीच त्यांना लावा. रचना तपासा. एकाच वर्गाची पूर्वचाचणी घेतली, तीन आठवडे नवे तंत्र वापरले, मग उत्तरचाचणी घेतली आणि गुण वाढले, अशी रचना असेल, तर वाढ तंत्रामुळे झाली की तीन आठवडे शिकवल्यामुळे, हे सांगता येत नाही. समांतर गट असेल, तर त्याला त्या वेळात काय करायला दिले होते ते शोधा. बाजारातली गाइडे आणि परीक्षेच्या नोट्स स्रोत म्हणून धरू नका. त्यांतली माहिती कुठून आली हे तपासताच येत नाही.

संज्ञांचे मराठी कसे करावे?

पाठ्यपुस्तकात रूढ असेल तो शब्द घ्या: धारणा, प्रत्यावाहन, नियंत्रित गट. रूढ शब्द नसेल, तर देवनागरीत मूळ शब्द लिहा आणि पहिल्या ठिकाणी अर्थ सांगा. एका नोंदीत ‘आठवण-सराव’, दुसरीत ‘पुनर्प्राप्ती सराव’ आणि तिसरीत ‘चाचणी प्रभाव’ असे मात्र करू नका. वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात.

मांडणी कशी? क्रम, समास, शब्दसंख्या?

एपीए सातव्या आवृत्तीप्रमाणे नोंदी लेखकांच्या आडनावांच्या वर्णक्रमाने लावतात. टीप नोंदीखाली नव्या परिच्छेदात येते आणि तो संपूर्ण परिच्छेद डावीकडून अर्धा इंच आत सरकवलेला असतो. मराठी आणि इंग्रजी नोंदी एकत्र लावायच्या की वेगळ्या, हे विभागागणिक बदलते, विचारून घ्या. शब्दसंख्या दिलेली नसेल, तर शंभर ते दीडशे शब्द पुरतात. वरची नमुना टीप त्याच्याच आसपास आहे.

एक टीप लिहायला किती वेळ धरावा?

प्रायोगिक लेखाला दोन बैठका धरा. पहिल्या बैठकीत पद्धती आणि निष्कर्ष वाचा, मग लेख बंद करून कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा: कोण होते, कशाची तुलना कशाशी, केव्हा मोजले, काय आले. दुसऱ्या दिवशी त्या ओळी लेखाशी ताडून पाहा. जी ओळ चुकलेली किंवा रिकामी राहिलेली दिसेल, तेवढाच भाग पुन्हा वाचा आणि मगच टीप लिहायला घ्या.